पवित्र आत्मा कोण आणि पेंटेकॉस्टच्या दिवशी काय घडलं : एका अध्यायातून समजून घेण्याची वाट

ख्रिस्ती श्रद्धेविषयी नव्यानं वाचायला घेणारे बहुतेक जण पवित्र आत्म्यापाशी येऊन अडखळतात. देव पिता आहे, हे ऐकून मनात काहीतरी उमटतं. येशूचं तर चरित्रच समोर असतं. पवित्र आत्म्याच्या बाबतीत मात्र 'त्रैक्यातली तिसरी व्यक्ती' एवढी व्याख्या हाती लागते आणि तिचं काय करायचं ते कळत नाही. म्हणून व्याख्या तूर्त बाजूला ठेवा आणि एका घटनेपासून सुरुवात करा. पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही आत्म्याची ओळख अशीच, घटनेतून झाली होती. त्याच्याविषयीची काटेकोर वाक्यं बरीच नंतर, वादविवादातून तयार झाली.

ती घटना नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अध्याय अवघ्या 47 ओव्यांचा आहे. तो एका बैठकीत वाचून होतो, पण खाली सांगितलेल्या क्रमानं वाचलात तर बरंच जास्त हाती लागेल.

आधी पहिला अध्याय वाचा

हे पुस्तक लूकचं. ज्यानं येशूचं तिसरं शुभवर्तमान लिहिलं तोच हा लेखक, आणि हे पुस्तक म्हणजे त्या शुभवर्तमानाचा पुढचा भाग. पहिल्या अध्यायात लूक सांगतो की पुनरुत्थानानंतर येशू चाळीस दिवस शिष्यांना भेटत राहिला. स्वर्गात जाण्याआधी त्यानं एक आज्ञा दिली : यरुशलेम सोडू नका, पित्यानं जे द्यायचं वचन दिलं आहे त्याची वाट पाहा.

शिष्यांनी मग काय केलं, हे नीट बघा. ते माडीवरच्या खोलीत जमून प्रार्थना करत राहिले. त्यांच्यात येशूची आई मरिया होती, इतर स्त्रिया होत्या, येशूचे भाऊ होते. सगळे मिळून सुमारे 120 जण. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी त्यांनी मत्थियाची निवड केली. त्यापलीकडे लूक काहीही सांगत नाही. कसली मोहीम नाही, जाहीर प्रवचन नाही. हा वाट पाहण्याचा काळ डोक्यात ठेवा, कारण पुढे जे घडतं ते त्यांनी घडवून आणलेलं नाही, त्यांना ते मिळालेलं आहे.

सण आधीपासूनचा होता

दुसऱ्या अध्यायाची पहिलीच ओवी म्हणते की पन्नासाव्या दिवसाचा सण, म्हणजेच पेंटेकॉस्ट, आला. नवे वाचक इथे हमखास गफलत करतात. त्यांना वाटतं की पवित्र आत्मा उतरला म्हणून हा सण सुरू झाला. खरं तर यहुदी लोक तो शतकानुशतकं पाळत आले होते आणि आजही पाळतात. लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात त्याचा नियम आहे : वल्हांडणाच्या सणातल्या पहिल्या पेंढीच्या अर्पणापासून सात पूर्ण आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या धान्याचं अर्पण करायचं. त्यात नव्या पिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी असत. गव्हाच्या हंगामाचा तो सण होता. म्हणून त्याला सप्ताहांचा सण असंही म्हणतात. पुढच्या यहुदी परंपरेत याच सणाला सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळाल्याची आठवणही जोडली गेली.

हे माहीत असलं की अध्यायातली गर्दी कुठून आली ते आपोआप कळतं. वर्षातून ज्या तीन सणांना यरुशलेमला जायचं असे, त्यातला हा एक. म्हणून त्या दिवशी दूरदूरच्या देशांतले यहुदी लोक शहरात होते.

ख्रिस्ती पेंटेकॉस्ट त्याच दिवशी घडलेल्या एका घटनेची आठवण करतो. येशूचं मरण आणि पुनरुत्थान वल्हांडणाच्या दिवसांत घडलं, आत्म्याचा वर्षाव पन्नासाव्या दिवशी झाला. एका सणात हंगामाची पहिली पेंढी आणि दुसऱ्यात नव्या गव्हाच्या भाकरी, या मांडणीत ख्रिस्ती वाचकांना सुरुवातीपासून अर्थ दिसत आला आहे. प्रेषित पौलानं तर पुनरुत्थित ख्रिस्ताला 'प्रथमफळ' असंच म्हटलं आहे.

आता 1 ते 13 या ओव्या, सावकाश

सकाळची वेळ आहे. सगळे एका घरात बसलेले आहेत. अचानक आकाशातून सोसाट्याच्या वाऱ्यासारखा आवाज येतो आणि घर भरून टाकतो. मग अग्नीच्या जिभांसारखं काहीतरी दिसतं. त्या जिभा वाटल्या जातात आणि प्रत्येकावर एकेक येऊन राहते. सगळे पवित्र आत्म्यानं भरून जातात आणि वेगवेगळ्या भाषांत बोलू लागतात.

दोन ठिकाणी थांबा. एक म्हणजे 'सारखा'. लूक वारा सुटला असं म्हणत नाही, वाऱ्यासारखा आवाज आला म्हणतो. आग लागली असं म्हणत नाही, आगीसारखं दिसलं म्हणतो. पडदे फडफडल्याचा, काही जळल्याचा उल्लेख नाही. म्हणजे वारा आणि अग्नी ही देव आल्याची चिन्हं आहेत, पवित्र आत्मा स्वतः वारा किंवा अग्नी नाही. जुन्या करारात सीनाय पर्वतावर देव अग्नीतून उतरल्याचं वर्णन आहे, आणि ज्यांनी ते लहानपणापासून ऐकलं होतं त्यांना ही खूण लगेच पटली असणार.

दुसरी जागा म्हणजे 'प्रत्येकावर'. सीनायवर अग्नी पर्वतावर होता आणि लोकांना पर्वताला हात लावायचीही मनाई होती. इथे तो माणसांवर येतो, आणि एकट्या पेत्रावर किंवा बारा प्रेषितांवर नाही, तिथे बसलेल्या सगळ्यांवर. मला विचाराल तर पेंटेकॉस्टचं सगळं नावीन्य या एका तपशिलात आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. देवाचा आत्मा या दिवशी पहिल्यांदा आला, असं बायबल म्हणत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्याच ओवीत तो जलांवर आहे. गिदोनासारख्या शास्त्यांवर तो आला, संदेष्ट्यांतून बोलला. मात्र तो ठरावीक माणसांवर, ठरावीक कामासाठी येत असे. शौल राजाला तर तो सोडूनही गेला. दाविदाच्या नावे असलेल्या 51 व्या स्तोत्रात 'तुझा पवित्र आत्मा माझ्यापासून काढून घेऊ नकोस' अशी विनवणी आहे, त्यामागे ही भीती आहे. याउलट येशूनं शिष्यांना सांगितलं होतं की पिता तुम्हाला दुसरा कैवारी देईल आणि तो सदैव तुमच्याबरोबर राहील. पन्नासाव्या दिवशी तो असा, राहायला आला.

आता भाषांकडे वळू. लूक लांबलचक यादी देतो : पार्थी, मेदी, एलामी, मेसोपटेम्या आणि कप्पदुकियाचे रहिवासी, मिसरचे, रोमहून आलेले, क्रेती, अरब. नवा वाचक ही यादी गाळून पुढे जातो. ती गाळू नका. बोलणारे गालीलचे आहेत, ही भाषा यांना कुठून येते म्हणून लोक थक्क होतात. प्रत्येकाला देवाची महत्कृत्यं आपापल्या जन्मभाषेत ऐकू येतात. सगळ्यांना एकच पवित्र भाषा शिकायला लावली गेली नाही. उत्पत्तीच्या 11 व्या अध्यायात बाबेलच्या बुरुजापाशी भाषांचा घोळ होऊन माणसं पांगली होती. इथे भाषा तितक्याच राहतात, पण माणसं एकमेकांपासून तुटत नाहीत. ख्रिस्ती लोक पवित्र शास्त्राचं भाषांतर इतक्या मोकळेपणानं का करत आले, याचं एक मूळ या सकाळीत आहे.

तेराव्या ओवीत काही जण थट्टा करतात की हे द्राक्षारस पिऊन आले आहेत. लूकनं ही थट्टा लपवली नाही. तेच दृश्य पाहून काही जण चकित होतात आणि काही हसतात. म्हणजे चिन्हं कुणावर जबरदस्ती करत नाहीत, त्यांचा अर्थ कुणीतरी सांगावा लागतो.

पेत्राचं भाषण : हाताशी पेन्सिल ठेवा

तो अर्थ पेत्र सांगतो, 14 व्या ओवीपासून. हा पेत्र कोण, ते आठवा. साधारण सात आठवड्यांपूर्वी, याच शहरात, एका दासीसमोर 'मी त्याला ओळखत नाही' असं म्हणणारा. आता तो हजारोंसमोर उभा आहे. सकाळचे नऊ वाजलेत, ही माणसं प्यायलेली नाहीत, असं म्हणून तो योएल संदेष्ट्याचं वचन उच्चारतो : शेवटच्या दिवसांत देव आपल्या आत्म्याचा सर्व माणसांवर वर्षाव करील, तुमचे पुत्र आणि कन्या संदेश देतील, तरुणांना दृष्टान्त होतील, वृद्धांना स्वप्नं पडतील, दासदासींवरही आत्मा ओतला जाईल. मघाच्या 'प्रत्येकावर'चा खुलासा हा.

आता पेन्सिल घ्या आणि 22 ते 36 या ओव्यांत पवित्र आत्म्याचं नाव जिथे येईल तिथे खूण करा. खूण एकाच ठिकाणी होईल, 33 व्या ओवीत. बाकी सगळं भाषण येशूविषयी आहे. देवानं त्याच्याकरवी अद्भुतं केली, तुम्ही त्याला वधस्तंभावर खिळलंत, देवानं त्याला उठवलं. पेत्र 16 वं आणि 110 वं स्तोत्र आधाराला घेतो. आणि त्या एका ओवीत तो म्हणतो की देवाच्या उजवीकडे उंचावलेल्या येशूला पित्याकडून पवित्र आत्म्याचं वचन मिळालं, आणि तुम्ही जे पाहता-ऐकता त्याचा वर्षाव त्यानंच केला.

आत्म्यानं भरलेला माणूस आत्म्याविषयी बोलत बसत नाही, येशूविषयी बोलतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूनं हेच आधी सांगून ठेवलं होतं की तो आला म्हणजे माझा गौरव करील. पवित्र आत्म्याची ओळख पुसट का वाटते, याचं उत्तरही मला इथेच सापडतं. तो समोर उभा राहून स्वतःकडे लक्ष वेधत नाही, दुसऱ्याकडे बोट दाखवतो. म्हणूनच कुठल्याही शिकवणुकीत किंवा सभेत 'हे आत्म्याचं काम' असा दावा ऐकलात, तर पहिली पारख हीच करा. लक्ष कुणाकडे जातंय? येशूकडे, की बोलणाऱ्याच्या शक्तीकडे?

33 व्या ओवीला आणखी एक खूण करा. तिच्यात पिता, पुत्र आणि आत्मा तिघेही एकत्र आहेत. पिता वचन देतो, पुत्र वर्षाव करतो, आत्मा ओतला जातो.

भाषण संपल्यावर लोकांच्या काळजाला ते लागतं आणि ते विचारतात, 'आम्ही काय करावं?' पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा, येशू ख्रिस्ताच्या नावानं बाप्तिस्मा घ्या, म्हणजे तुम्हालाही पवित्र आत्म्याचं दान मिळेल. त्या दिवशी सुमारे 3000 जणांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून पेंटेकॉस्टला ख्रिस्तमंडळीचा जन्मदिवस म्हणायची पद्धत पडली.

मग तो कोण? दोन प्रसंग तपासा

पवित्र आत्मा म्हणजे देवाची शक्ती, असं नव्या वाचकाला वाटणं स्वाभाविक आहे. वारा, अग्नी, वर्षाव हे शब्दच तसे आहेत. पण याच पुस्तकाच्या 13 व्या अध्यायात जा. अंत्युखियातली मंडळी उपास करून उपासना करत असताना पवित्र आत्मा म्हणतो, 'बर्णबा आणि शौल यांना ज्या कामासाठी मी बोलावलं आहे, त्यासाठी त्यांना माझ्याकरिता वेगळं करा.' हा शौल म्हणजे मघाचा राजा नव्हे, हाच पुढे पौल म्हणून ओळखला जातो. शक्ती 'मी' म्हणत नाही. शक्ती माणसं निवडत नाही, त्यांची नावं घेत नाही, त्यांना पाठवत नाही. पौल तर इफिसकरांना लिहितो की पवित्र आत्म्याला दुःख देऊ नका. दुःख व्यक्तीलाच होतं.

दुसरा प्रसंग 5 व्या अध्यायातला. हनन्या जमीन विकतो, पैशांतला काही भाग मागे ठेवतो आणि सगळेच दिल्याचा आव आणतो. पेत्र त्याला विचारतो, तू पवित्र आत्म्याशी खोटं का बोललास? आणि लगेच पुढे म्हणतो, तू माणसांशी नाही, देवाशी खोटं बोललास. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पवित्र आत्म्याशी खोटं बोलणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं.

तो व्यक्ती आहे आणि तो देव आहे, या दोन्ही गोष्टी इथे हाती येतात. तिसरी गोष्ट म्हणजे तो पिता नाही आणि पुत्रही नाही. त्यासाठी येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग पुरेसा आहे. पुत्र प्रार्थना करतोय, आत्मा कबुतराच्या रूपात उतरतोय, पित्याची वाणी येतेय, आणि हे सगळं एकाच वेळी घडतंय. एकच देव तीन वेळी तीन सोंगं घेतो, असं म्हणणाऱ्यांना मंडळीनं पहिल्या काही शतकांतच नाकारलं, त्यामागे असे प्रसंग होते. तीन देव आहेत हेही तितक्याच ठामपणे नाकारलं. एकच देव, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, यालाच त्रैक्य म्हणतात.

हे शब्दांत बसवायला वेळ लागला. 325 साली निकीया इथे धर्माध्यक्षांची परिषद भरली, तेव्हा वाद पुत्राविषयी होता. तिच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, आत्म्याविषयी फक्त 'आणि पवित्र आत्म्यावर' एवढंच आलं. पुढच्या दशकांत काही जण आत्म्याला निर्माण केलेला सेवक मानू लागले. कैसरियाचा धर्माध्यक्ष बासिल यानं त्याविरुद्ध युक्तिवाद केला. त्याचा एक मुद्दा नवख्यालाही सहज समजतो : आपण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं बाप्तिस्मा देतो, मग त्यातला एक जण निर्माण केलेला कसा असेल? अखेर 381 साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडल्या गेलेल्या मतांगीकारात तो प्रभू आहे, जीवन देणारा आहे, पित्यापासून निघतो, पिता-पुत्रासह त्याची उपासना आणि गौरव होतो, तो संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, असं आलं. आज बहुतेक मंडळ्या हेच शब्द म्हणतात.

आणखी एक गैरसमज वेळीच दूर केलेला बरा. पवित्र आत्मा म्हणजे प्रत्येक माणसातला जीवात्मा नाही, आणि मेलेल्या माणसाचा आत्मा तर नाहीच. ख्रिस्ती श्रद्धेत माणूस निर्माण केलेला आहे, आत्मा निर्माता आहे. तो माणसात येऊन राहतो, पण माणूस आणि तो एक होऊन जात नाहीत.

मतभेद कुठे आहेत

तुम्ही दोन वेगळ्या मंडळ्यांत गेलात तर दोन वेगळ्या गोष्टी ऐकाल. त्यानं गोंधळून जाऊ नका. वर सांगितलेल्या गाभ्यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकमतानं उभ्या आहेत. मतभेद पुढचे आहेत. पश्चिमेकडच्या मंडळीनं मतांगीकारात 'पित्यापासून आणि पुत्रापासून निघतो' अशी भर घातली. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी ती कधीच स्वीकारली नाही, आणि पूर्व-पश्चिम मंडळ्यांच्या 1054 च्या फुटीमागच्या कारणांत हा वाद होता.

दुसरा मतभेद रोजच्या जीवनाशी जास्त निगडित आहे. 1906 साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमोर यांच्या नेतृत्वाखाली ज्या सभा सुरू झाल्या, त्यांतून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली. 'आत्म्याचा बाप्तिस्मा' हा विश्वास ठेवल्यानंतरचा वेगळा अनुभव आहे आणि अन्य भाषा बोलणं ही त्याची खूण, असं यातल्या बऱ्याच मंडळ्या शिकवतात. इतर अनेक मंडळ्या म्हणतात की विश्वास आणि बाप्तिस्मा यांबरोबरच आत्मा मिळतो. इथे वाचताना एक भेद लक्षात ठेवा. कृत्यांच्या दुसऱ्या अध्यायात ऐकणाऱ्यांना भाषा थेट समजतात. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या 14 व्या अध्यायात मात्र अर्थ सांगणारा लागतो, आणि तो नसेल तर मंडळीत गप्प राहावं असं पौल सांगतो. त्याच पत्राच्या 12 व्या अध्यायात तो विचारतो, सगळेच अन्य भाषा बोलतात काय? प्रश्नाच्या रोखावरून उत्तर 'नाही' हेच आहे. म्हणून तुम्हाला भाषा बोलता येत नाही म्हणजे तुमच्यात आत्मा नाही, असं कुणी म्हटलं तर हे दोन अध्याय उघडून बघा. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ म्हणून जी नावं येतात, ती प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता अशी आहेत. ती दिसायला वेळ लागतो आणि ती आधी घरातल्या माणसांना दिसतात.

दिवस कसा काढायचा आणि उपासनेत काय असतं

ईस्टरचा रविवार हा पहिला दिवस धरा आणि पन्नासपर्यंत मोजा, रविवारच येतो. 2026 मध्ये पश्चिमेकडच्या मंडळ्यांचा ईस्टर 5 एप्रिलला आहे, म्हणून पेंटेकॉस्ट 24 मे रोजी. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला, पेंटेकॉस्ट 16 मे रोजी. ईस्टरच्या दुसऱ्या दिवसापासून मोजलात तर सोमवार येईल. तेव्हा चूक कुठे झाली ते लगेच कळतं. ऑर्थोडॉक्स मंडळ्या ईस्टरची तारीख वेगळ्या पद्धतीनं काढतात, त्यामुळे त्यांचा पेंटेकॉस्ट बहुतेक वर्षी नंतर येतो. 2026 मध्ये तो 31 मे रोजी आहे.

कॅथलिक आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत त्या दिवशी पाळकाचा पोशाख आणि वेदीवरचं कापड लाल असतं, अग्नीच्या जिभांची आठवण म्हणून. कृत्यांचा दुसरा अध्याय वाचला जातो, काही ठिकाणी एकाच वेळी अनेक भाषांत. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत चर्च हिरव्या फांद्यांनी सजवतात, आणि ईस्टरपासून थांबवलेलं गुडघे टेकून प्रार्थना करणं त्या दिवशी पुन्हा सुरू होतं. पाहुणे म्हणून जाणार असाल तर वाचन, गाणी आणि प्रार्थना यांना बसायला हरकत नसते. प्रभुभोजनाचे नियम मात्र मंडळीगणिक वेगळे आहेत, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तर ते सहसा त्यांच्या सभासदांपुरतंच असतं. तेव्हा उपासना सुरू होण्याआधी दाराशी कुणाला तरी विचारून घ्या, आणि अध्याय आदल्या दिवशी एकदा वाचून जा.